तीन दिवस लागतील की दोन? बॅच कन्व्हर्जनचा वेळ नमुन्यावरून आधीच कसा काढायचा

लग्नाचं जुनं शूटिंग छोट्या फाइलींमध्ये करून देतो म्हणून हार्डडिस्क ठेवून घ्यायची, ‘रविवारी सकाळी घेऊन जा भाऊ’ म्हणायचं, आणि मंगळवारी माणूस दारात उभा असताना स्क्रीनवर अजून तिसावी फाइल चालू असायची. नागपुरात शूटिंग-एडिटिंगचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे हे घडतं. माझ्याकडेही घडलंय. मी पहिल्या फाइलची पहिली ३० सेकंदं चालवली होती. लग्नाच्या कॅसेटची पहिली ३० सेकंदं म्हणजे सनईच्या सुरावर स्थिर उभा असलेला गणपतीचा फोटो आणि ‘श्री गणेशाय नमः’. फ्रेममध्ये काहीच हलत नसल्यामुळे एन्कोडर झरझर पुढे गेला, आणि मी तोच वेग पुढच्या शंभर फाइलींना लावून मोकळा झालो.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण सगळा भात एकाच पातेल्यातला असला तर. इथे पातेली तीन-चार असतात. खाली एका कामाचा हिशोब पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडला आहे. फाइली ११०, फुटेज ९० तास, सगळं `ffmpeg` वापरून एच.२६५ मध्ये न्यायचं. आकडे माझ्या मशीनचे आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत हीच राहील.

## टप्पा १ : किती तासांचं फुटेज आहे ते मोजा

किती जीबीच्या फाइली आहेत यावरून वेळ काढू नका. मिनीडीव्हीचं एक तासाचं फुटेज साधारण १३ जीबी जागा खातं आणि भराभर एन्कोड होतं. तेवढ्याच जागेत मोबाइलवर दाबून साठवलेलं बरंच जास्त फुटेज मावतं आणि ते घाम काढतं. हिशोबाला हवी ती लांबी. फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथे विंडोजची कमांड विंडो उघडा आणि हे चालवा:

```
for %f in (*.MTS) do @ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 "%f"
```

प्रत्येक `.MTS` फाइलची लांबी सेकंदांत मिळते. दुसऱ्या प्रकारच्या फाइलींसाठी `*.MTS` च्या जागी त्यांचं एक्स्टेंशन लिहा. ती एक्सेलच्या एका रकान्यात चिकटवा. हीच ओळ `.bat` फाइलमध्ये टाकणार असाल तर दोन्ही ठिकाणी `%f` ऐवजी `%%f` लिहा.

तपासा : डीव्हीडीवरून काढलेल्या `.VOB` फाइलींची लांबी बऱ्याचदा खोटी निघते. त्यांचा आकडा तसाच धरू नका. फाइल प्लेअरमध्ये उघडून शेवटापर्यंत नेऊन बघा. बाकीच्या बेरजेचीही डोक्याने खात्री करा. साध्या वेगाने भरलेली मिनीडीव्ही कॅसेट सहसा ६० मिनिटांची असते. ४० कॅसेटींच्या ४० फाइली असतील आणि बेरीज ५५ तास येत असेल, तर कुठेतरी फाइल दोनदा मोजली गेली आहे.

## टप्पा २ : फाइलींचे गट पाडा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण ही पायरीच गाळली जाते. एन्कोडरला लागणारा वेळ मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: एका फ्रेममध्ये किती पिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, आणि त्या फ्रेमवर आधी काय प्रक्रिया करायची. या तिन्ही गोष्टी ज्यांच्या सारख्या त्या फाइली एका गटात.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate,field_order -of csv=p=0 "B07.MTS"
```

यात `progressive` च्या जागी `tt` किंवा `bb` दिसलं तर फुटेज इंटरलेस्ड आहे, म्हणजे त्यावर डीइंटरलेसचा फिल्टर लागणार.

माझ्या कामात असे तीन गट पडले:

- गट अ : मिनीडीव्ही कॅसेटी, ७२० × ५७६, इंटरलेस्ड. ४० फाइली, ३६ तास.
- गट ब : एचडी कॅमेऱ्याच्या `.MTS` फाइली, १९२० × १०८०, इंटरलेस्ड. ५६ फाइली, ४८ तास.
- गट क : फोर-के, ३८४० × २१६०, प्रोग्रेसिव्ह. १४ फाइली, फक्त ६ तास.

हा ‘फक्त’ लक्षात ठेवा.

मोबाइलच्या स्लो-मोशन क्लिपा असतील तर त्यांचा वेगळा गट करा. १२० फ्रेमच्या एका मिनिटात २५ फ्रेमच्या जवळजवळ पाच मिनिटांइतक्या फ्रेम असतात.

## टप्पा ३ : कमांड आधी पक्की करा, मग हात लावू नका

चाचणीत जी कमांड, तीच खऱ्या कामात. प्रीसेट, सीआरएफ, फिल्टर, ऑडिओ, लिहायची डिस्क, सगळं तेच. ‘चाचणीपुरता फास्ट प्रीसेट लावतो’ म्हणालात की तो आकडा फास्ट प्रीसेटचा झाला, तुमच्या कामाचा राहिला नाही.

डीइंटरलेसच्या फिल्टरमध्ये एक छुपा खड्डा आहे. `yadif` नुसता लिहिला तर तो २५ फ्रेमच्या २५ फ्रेमच देतो. `bwdif` नुसता लिहिला तर तो प्रत्येक फील्डची एक फ्रेम करतो, म्हणजे सेकंदाला ५०. चाचणी पहिल्यावर आणि काम दुसऱ्यावर झालं तर एन्कोडरपुढे दुप्पट फ्रेम येतात, आणि तुमचा अंदाज जवळपास निम्म्यावर चुकतो. मला वरातीतला नाच सलग, न अडखळता दिसायला हवा होता म्हणून मी ५० फ्रेमच ठेवल्या. तुम्हाला २५ हव्या असतील तर `bwdif=mode=send_frame` लिहा.

दोन फाइली एकदम चालवायचा बेत असेल तर नमुनेही दोन-दोन एकदम चालवा. एकट्या फाइलचा वेग दोनाने गुणून चालत नाही, कारण प्रोसेसर दोघांत वाटला जातो.

## टप्पा ४ : मशीन तापवून घ्या

बहुतेक प्रोसेसर सुरुवातीचा थोडा वेळ जास्त वेगाने धावतात आणि मग दमाने चालू लागतात. लॅपटॉपमध्ये हा फरक सहज जाणवतो. त्यात आपला मे महिना. पारा ४५ च्या पुढे, खोलीत कूलर, आणि टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेला सीपीयू. सकाळी सातला थंड मशीनवर काढलेला नमुना दुपारी तीनला लागू पडत नाही.

म्हणून गट ब मधली कुठलीही फाइल घ्या आणि १५ मिनिटं एन्कोड होऊ द्या. ते आउटपुट फेकून द्या आणि लगेच, मशीन गरम असतानाच, नमुने सुरू करा. नवतपात काम करायचं असेल तर हे सगळं दुपारीच करा. रात्रीचा वेग थोडा बरा मिळाला तर तो तुमचा फायदा.

तपासा : एकच नमुना लागोपाठ तीनदा चालवा. वेळ ५२, ५८, ६३ असा चढत गेला तर मशीन अजून तापतंय, थांबा. ६२, ६३, ६३ आला की पुढे चला.

## टप्पा ५ : नमुना कुठून आणि किती लांबीचा

प्रत्येक गटातून तीन फाइली घ्या. एक सगळ्यात लांब, एक मधली, आणि एक वेगळ्या दिवसाची किंवा वेगळ्या कॅमेरामनची. प्रत्येक फाइलमधून तीन तुकडे घ्या : साधारण १५ टक्क्यांवरून, ५० टक्क्यांवरून आणि ८० टक्क्यांवरून. अगदी सुरुवात आणि अगदी शेवट टाळा, तिथे टायटल, काळी फ्रेम किंवा लेन्सचं झाकण असतं.

एका फाइलचा एकच तुकडा का पुरत नाही, हे लग्नाच्या फुटेजमध्ये डोळ्यांनी दिसतं. स्वागत समारंभात स्टेज स्थिर असतं, माणसं येतात, आहेर देतात, फोटो काढून जातात. तिथे एन्कोडरला काम कमी. रात्रीच्या वरातीत हलणारा कॅमेरा, चमकणारे दिवे, अंधारातले दाणे, उडणारा कागदी चुरा. दोन्ही एकाच फाइलमध्ये असतात आणि वेळेत दीडपट फरक पडू शकतो.

आता कमांड:

```
ffmpeg -hide_banner -nostdin -y -benchmark -ss 1500 -i "B07.MTS" -t 60 -vf bwdif -c:v libx265 -preset medium -crf 22 -c:a aac -b:a 160k test.mkv
```

`-ss 1500` म्हणजे १५०० व्या सेकंदापासून सुरुवात, `-t 60` म्हणजे ६० सेकंदांचा तुकडा. शेवटी `bench:` ने सुरू होणारी जी ओळ छापली जाते, तिच्यातला `rtime` लिहून घ्या. घड्याळाप्रमाणे लागलेला वेळ तोच. त्याच ओळीतला `utime` हा सगळ्या कोअरनी मिळून केलेल्या कामाची बेरीज आहे. तो घेतलात तर उत्तर भलतंच फुगेल.

सावधान : `-ss` हे `-i` च्या आधीच लिहा. नंतर लिहिलंत तर `ffmpeg` फाइल पहिल्यापासून उलगडत १५०० व्या सेकंदापर्यंत येतो आणि तो सगळा वेळ तुमच्या नमुन्यात मिसळतो. मधल्या तुकड्यापेक्षा ८० टक्क्यांवरचा तुकडा दर वेळी हळू येतोय असं दिसलं, तर पहिला संशय इथेच घ्या.

लांबीचा नियम फुटेजच्या सेकंदांवर बांधू नका. घड्याळाचा पाऊण मिनिट तरी जायला हवा, एवढं बघा. एन्कोडर सुरू होताना आणि संपताना दोन-अडीच सेकंदं उगाच जातात. माझ्या मशीनवर गट ब च्या एका तुकड्याची ३० सेकंदं एन्कोड व्हायला २६ सेकंदं लागली, तर ९० सेकंदांना ७३. मधल्या ६० सेकंदांचे ४७, म्हणजे खरा दर ०.७८. नुसत्या ३० सेकंदांवरून मात्र तो ०.८७ वाटला असता. गट अ इतका झटपट होतो की ६० सेकंदांचा तुकडा १२ सेकंदांत उरकतो आणि त्यात ही वरकड फार मोठी दिसते. तिथे मी ३०० सेकंदांचे तुकडे घेतले.

बाहेरच्या हार्डडिस्कबद्दल एक गोष्ट. तोच तुकडा दुसऱ्यांदा चालवला की विंडोज तो मेमरीतूनच वाचतो, डिस्कला हात लावत नाही. डिस्क जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर असेल आणि गट अ सारखं फुटेज असेल, तर अडचण डिस्कची असूनही ती दिसणार नाही. हिशोबात पहिल्या वेळचा आकडा धरा.

## टप्पा ६ : गुणक काढा

गुणक म्हणजे एका सेकंदाच्या फुटेजला किती सेकंद लागले. गट ब चे माझे नऊ आकडे, प्रत्येक तुकडा ६० सेकंदांचा:

- पहिली फाइल : ४४, ५०, ५७. बेरीज १५१.
- दुसरी फाइल : ४७, ६३, ५२. बेरीज १६२.
- तिसरी फाइल : ४९, ६८, ५६. बेरीज १७३.

एकूण ४८६ सेकंद लागले, फुटेज ५४० सेकंदांचं. ४८६ ला ५४० ने भागलं की ०.९० मिळतं. हा गट ब चा गुणक.

आता फाइलनिहाय बघा : ०.८४, ०.९० आणि ०.९६. ही तुमची खालची आणि वरची कड. सुटे तुकडे ०.७३ पासून १.१३ पर्यंत पसरलेत, पण त्यांना कड धरून घाबरू नका. आख्ख्या फाइलमध्ये हळू आणि जलद भाग एकमेकांची भरपाई करतात, म्हणून तीन तुकड्यांची सरासरीच जास्त खरी.

याच रीतीने गट अ चा गुणक ०.२० आला, कडा ०.१९ आणि ०.२१. गट क चा ४.०, कडा ३.५ आणि ४.५. सगळ्या २७ तुकड्यांना तापवण्यासकट सव्वा तासाच्या आत वेळ लागला.

## टप्पा ७ : बेरीज करा, सरासरी वेग काढू नका

प्रत्येक गटाचे तास गुणिले त्याचा गुणक:

- अ : ३६ × ०.२० = ७.२ तास
- ब : ४८ × ०.९० = ४३.२ तास
- क : ६ × ४.० = २४ तास

एकूण ७४.४ तास. ९० तासांच्या फुटेजमधले जे ‘फक्त’ सहा तास होते, ते एकूण वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातात.

आता चुकीचा रस्ताही बघून ठेवा, कारण तो फार सरळ दिसतो. `ffmpeg` स्क्रीनवर `speed=` दाखवतो. गट अ ला ५, ब ला १.११, क ला ०.२५. तिघांची सरासरी २.१२. ९० ला २.१२ ने भागलं की साडेबेचाळीस तास. खरं उत्तर त्याच्या पावणेदोन पट आहे. वेगांची अशी सरासरी निघत नाही. नागपूरहून वर्ध्याला जाताना ताशी ८० आणि येताना ताशी ४० ने आलात, तर सरासरी ६० पडत नाही, त्रेपन्नच्या आसपास पडते, कारण हळू वेगाने तुम्ही जास्त वेळ चालता. इथेही तेच. म्हणून वेग बाजूला ठेवा, वेळ मोजा आणि वेळेचीच बेरीज करा.

कडांचीही बेरीज करा. खालची ६८ तास, वरची ८१ तास. शुक्रवारी रात्री ९ ला सुरू केलं तर काम सोमवारी रात्री साडेअकराच्या सुमारास संपेल, फार तर मंगळवारी सकाळी ६ ला. मी गिऱ्हाइकाला मंगळवारी संध्याकाळी ६ सांगितलं. मधला अर्धा दिवस लाइन जाण्यासाठी राखला. `ffmpeg` अर्धवट फाइल पुढे चालू करत नाही, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. गट क ची एक फाइल माझ्याकडे सरासरी पावणेदोन तास घेते. म्हणजे यूपीएस नसताना एकदा लाइन गेली की सरासरी पन्नास मिनिटं पाण्यात, वर परत सुरू करायला तुम्ही दुकानात नसाल तो वेळ वेगळा.

सुरू करण्याआधी विंडोजची स्लीप बंद करा आणि अपडेट पुढे ढकला. यापायी आख्खी रात्र गमावलेले दोघं-तिघं तरी मला ठाऊक आहेत.

## टप्पा ८ : काम चालू असताना अंदाज दुरुस्त करा

फाइली नावाच्या क्रमाने चालवू नका. ज्या गटाच्या कडा सगळ्यात लांब, त्या गटाच्या दोन-तीन फाइली आधी लावा. चूक असेल तर ती पहिल्याच रात्री कळेल, सोमवारी नाही.

मी गट क च्या तीन फाइली आधी लावल्या. फुटेज ७५ मिनिटांचं, अंदाज ५ तासांचा, लागले ५ तास ४० मिनिटं. म्हणजे १.१३ पट. आता प्रश्न असा, की हे फोर-के फुटेजच जड निघालं की मशीनच मंदावलं? दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून नुसतं सगळ्याला १.१३ ने गुणून टाकू नका. बॅच थांबवा आणि गट ब चा एक जुना नमुना तसाच्या तसा परत चालवा. मी दुसऱ्या फाइलचा मधला तुकडा घेतला, ज्याला आधी ६३ सेकंद लागले होते.

पुन्हा ६३-६४ आले तर मशीन ठीक आहे, फुटेज जड आहे. मग दुरुस्ती फक्त गट क ला : उरलेले १९ तास १.१३ ने गुणून २१.५. अ आणि ब तसेच. एकूण ७७.६ तास, म्हणजे मंगळवारी पहाटे अडीचच्या पुढे. ८१ च्या आतच.

७१ च्या आसपास आले तर मशीन मंदावलंय, आणि मग उरलेलं सगळंच तेवढ्या पटीने लांबणार : ६९.४ × १.१३, अधिक झालेले ५ तास ४० मिनिटं, मिळून ८४ तास. हा आकडा वरच्या कडेच्याही बाहेर जातो. अशा वेळी गिऱ्हाइकाला फोन करण्याआधी सीपीयूची बाजू उघडून पंख्यावरची धूळ बघा, कूलरची हवा कुठे वळली आहे ते बघा, मागे अँटीव्हायरसचं स्कॅन चालू आहे का ते बघा, आणि तोच ६० सेकंदांचा नमुना पुन्हा एकदा चालवा. माझ्याकडे ६४ आले, म्हणून मी उरलेली बॅच सुरू केली आणि मंगळवारची वेळ तशीच ठेवली.